‘बायर्स १,८०,०००, सेलर्स ०’: त्या हिरव्या स्क्रीनशॉटबद्दल

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच प्रकार. पाच-साडेपाच रुपयांच्या कुठल्याशा शेअरचा स्क्रीनशॉट, अप्पर सर्किट लागलेलं, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकलेला, खाली लिहिलंय, ‘बायर्स १,८०,०००, सेलर्स ०. आता तरी विश्वास बसला का?’ त्याखाली अंगठे, हात जोडलेले, रॉकेट. आणि ज्या घरात मामांचं सगळं रामायण घडलं, त्याच घरातल्या माझ्या भाच्याने हे टाकलंय. म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ते १,८०,००० खरेदीदार नाहीत, शेअर आहेत. ५.३५ च्या भावाने धरले तर साधारण साडेनऊ लाख रुपयांची मागणी. एका माणसाचीही असू शकते. मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे उभ्या ऑर्डर्सच्या तक्त्यात, संख्येच्या शेजारी ऑर्डर्सचा एक रकाना असतो, त्याकडे कुणी बघतच नाही. पावणेदोन लाख शेअर आणि ऑर्डर्स चार, असं दिसलं की समजून घ्यायचं काय ते. आणि या साडेनऊ लाखांतला एक रुपयाही खर्च झालेला नसतो. विकणारा कुणी नाही म्हटल्यावर ऑर्डर नुसती उभी राहते, बाजार बंद झाला की रद्द होते. दुसऱ्या दिवशी तेच पैसे, तीच ऑर्डर, फक्त भाव पाच टक्क्यांनी वर.

आता सर्किटचं बघा. आपल्याकडे शेअरला दिवसाच्या चढउताराची मर्यादा असते, २, ५, १० किंवा २० टक्के. फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या मोठ्या शेअर्सना असा पक्का पट्टा नसतो, त्यांचं गणित वेगळं. मर्यादा कशासाठी? एका दिवसात कुणी भाव कुठच्या कुठे नेऊ नये म्हणून. हेतू चांगला आहे, मान्य. पण हा पट्टा भाव दिवसाला किती हलेल एवढंच ठरवतो. तो हलवायला किती पैसे लागतील, यावर त्याचा काही ताबा नाही. आणि ज्या शेअरमध्ये उलाढालच नाही, तिथे ते पैसे हास्यास्पद कमी लागतात.

हिशेब करून दाखवतो, मामांचा शेअर जवळपास असाच होता. समजा कंपनीचे १० कोटी शेअर आहेत. ५५ टक्के प्रवर्तकांकडे. ३५ टक्के दहाबारा अशा खात्यांत, जी एकमेकांना चांगलीच ओळखतात. उरले १ कोटी, तेही जुन्या लोकांकडे, अर्धे तर विसरलेले. रोजची उलाढाल पाच हजार शेअर, म्हणजे ४ रुपयांच्या भावाने २० हजार रुपये. मधल्या फळीतल्या नोकरदाराच्या पगाराहून कमी पैशात आख्ख्या कंपनीचा भाव ठरतोय! सकाळी थोडे शेअर उचलायचे, भाव ४.२० ला न्यायचा, तिथे मोठी ऑर्डर उभी करायची. झालं सर्किट. उद्या ४.४१. परवा ४.६३. मग ४.८६, ५.१०, ५.३५. रोज पाच टक्के धरले तर पंधराव्या सत्रात भाव ८.२५, म्हणजे दुपटीच्या वर, तीन आठवड्यांत. कागदावर कंपनीचं मूल्य ४० कोटींचं ८० च्या पुढे गेलं, आणि आत आलेले खरे पैसे? काही लाख. तेही बरेचसे आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवलेले, खर्च फक्त दलाली आणि कराचा.

मला सगळ्यात चीड येते ती याची की, पट्टा इथे ऑपरेटरच्या, म्हणजे भाव फुगवणाऱ्याच्याच, कामाचा ठरतो. पट्टा नसता तर भाव एका दिवसात उडाला असता, लोक दचकले असते. पट्ट्यामुळे रोज नेमका पाच टक्के, हिरवा, शिस्तीत. बघणाऱ्याला वाटतं, काय दम आहे! शिवाय रांग. एकाच भावाला जो आधी आला त्याचा नंबर आधी. ऑपरेटरची ऑर्डर सगळ्यात पुढे, आपले मामा मागे. रोज हात हलवत परत.

मामा असेच आठवडाभर रांगेत होते. रोज रात्री ऑर्डर टाकून ठेवायचे, रोज संध्याकाळी ‘मिळाले नाहीत रे’. मिळत नाही म्हटल्यावर माणसाला ती वस्तू जास्तच हवीशी वाटते. आणि एका सोमवारी २०,००० शेअर, ७.८६ ने, सगळेच्या सगळे मिळाले. मामा खूश. मला फोन केला.

अहो, अप्पर सर्किटला सगळे शेअर मिळणं हीच धोक्याची घंटा असते. कारण पुढे उभा असलेला बाजूला झालेला असतो. त्याने स्वतःची ऑर्डर काढून घेतली आणि मागच्या रांगेच्या गळ्यात माल मारला. रांग संपली की भावाला आधारच नसतो. त्याच दिवशी शेअर ७.१२ ला बंद झाला, लोअर सर्किट.

आता दुसरा भाग, यादीचा. तो शेअर आधीच एक्स्चेंजच्या देखरेख यादीत होता. एएसएम, जीएसएम, ईएसएम, नावं बरीच आहेत. जीएसएम २०१७ पासून, एएसएम २०१८ पासून, आणि अगदी छोट्या कंपन्यांसाठी ईएसएम २०२३ पासून. ईएसएमच्या पहिल्या टप्प्यात शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये जातो, पट्टा जास्तीत जास्त ५ टक्के. दुसऱ्या टप्प्यात २ टक्के. ट्रेड-टू-ट्रेड म्हणजे घेतलेला प्रत्येक शेअर खात्यात आलाच पाहिजे, घेतला त्याच दिवशी विकता येत नाही. सट्टा कमी व्हावा म्हणून.

मामांचं काय झालं बघा. सोमवारी घेतले, विकता येत नाहीत. मंगळवारी खात्यात यायचे, म्हणून विकता येत नाहीत. त्या दिवशी बंद ६.७७. बुधवारी विकायची पहिली संधी, भाव ६.४४, तोही लोअर सर्किटला. विकायचा पहिला प्रयत्न करण्याआधीच अठरा टक्के गेले, २८,४०० रुपये! आणि ‘संधी’ म्हणजे काय, तर विकणाऱ्यांच्या रांगेत शेवटचा नंबर. समोर घेणारा कुणीच नाही. मामा पहाटे उठून ऑर्डर टाकायचे, की बाबा आज तरी नंबर लागेल. लागायचा नाही. शेवटी सुटले तेव्हा भाव तीनच्या आसपास होता. मामी काही बोलल्या नाहीत, आणि तेच मामांना जास्त लागलं.

तर जो पट्टा वर जाताना पायरी होता, तोच खाली येताना बाहेरून लावलेली कडी झाला. आणि ज्या नियमाने सट्टेबाजांना आवरायचं, त्या नियमाने उरलेसुरले खरे व्यवहार करणारेही पळाले. त्याच दिवशी घेऊन विकणारे इंट्राडेवाले गेले. भाव फुगलाय असं वाटून शेअर हातात नसताना आधी विकणारे तर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असूच शकत नाहीत. मग उरलं कोण? ज्याच्याकडे ढीगभर शेअर आहेत तो, आणि मामा.

बरं, यादीत आहे म्हणजे कंपनी चोर असं नाही, हेही खरंच. भावातली वाढ, किती वेळा सर्किट लागलं, मोजक्याच ग्राहकांकडे उलाढाल एकवटली आहे का, असे ठोकळेबाज निकष असतात. एक्स्चेंज स्वतःच सांगतं की यादीत येणं ही कंपनीवरची कारवाई समजू नये. पण टिपवाल्यांनी या ओळीचं काय केलं? ‘एक्स्चेंजच म्हणतंय कंपनीत काही वाईट नाही. यादीतून बाहेर आला की २० टक्क्यांचा पट्टा, मग बघा.’ इशाऱ्याचीच जाहिरात! मामांच्या ॲपवर लाल पट्टीत इशारा आला होता. ‘ओके’ दाबून पुढे गेले. सगळेच दाबतात.

आणि निकष बघा ना, भाव वाढल्यावर, सर्किटं लागल्यावर यादी. म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. (थोडं अन्यायाचं बोलतोय, कळतंय. देखरेखवाल्यांना भविष्य दिसत नाही, आणि पट्टा नसता तर मामांचे पैसे कदाचित एकाच दुपारी गेले असते. ठीक आहे.)

आणखी एक फसवा आकडा सांगतो, कारण आजच्या मेसेजमध्येही तो होता. ‘डिलिव्हरी १०० टक्के! मोठे लोक उचलतायत!’ अरे बाबांनो, ट्रेड-टू-ट्रेडमध्ये डिलिव्हरी १०० टक्केच असते, नियमच तो आहे. किती शेअर खरोखर खात्यात गेले हे सांगणाऱ्या ज्या आकड्यावरून एरवी काहीतरी कळतं, तो इथे मेलेला असतो.

‘पण भाव तर खरा आहे ना, स्क्रीनवर दिसतोय’ असं म्हणणाऱ्यांनी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स आठवावी. २९ ऑक्टोबर २०२४ ला बीएसईवर विशेष लिलाव झाला, पट्ट्याशिवाय, आणि ३.५३ रुपयांचा शेअर एका दिवसात २,३६,२५० वर गेला. तिथे लबाडी नव्हती. कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर होते आणि ३.५३ ला विकायला कुणी वेडा नव्हता. म्हणजे स्क्रीनवरचे ३.५३ सुद्धा खोटेच होते, उलट्या दिशेने. जिथे व्यवहारच होत नाहीत तिथे शेवटचा भाव म्हणजे कुणीतरी कधीतरी बोललेला आकडा.

उलटं उदाहरण हवं असेल तर साधना ब्रॉडकास्ट ही कंपनी. मार्च २०२३ चा सेबीचा आदेश वाचा. यूट्यूबवर खोट्या बातम्या, जाहिरातींवर पैसे ओतून व्हिडिओ लाखोंपर्यंत पोचवलेले, छोटे लोक आत येतायत, आणि आधीपासून शेअर बाळगून असलेले विकून बाहेर. सेबीने पकडलं, चांगलं केलं. पण घेणाऱ्यांनी घेऊन झालं होतं.

भाच्याला दुपारी फोन केला. रागावून सुरुवात केली, पण त्याचा आवाज ऐकून मऊ झालो. त्यानेही थोडे घेतलेत म्हणे. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. दर तिमाहीला कंपनी शेअरहोल्डिंग पॅटर्न जाहीर करते, एक्स्चेंजच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात प्रवर्तक सोडून १ टक्क्याच्या वर कोण आहेत ती नावं बघ. कधी न ऐकलेल्या पाचसात कंपन्या आणि व्यक्ती मिळून तिसरा हिस्सा धरून असतील तर बाजारात खरा माल किती उरतो ते काढ. मग आधीच्या तिमाहीशी ताडून बघ. भाव वाढत असताना ही नावं कमी होतायत आणि छोट्या भागधारकांची संख्या फुगतेय? मग माल कुणाकडून कुणाकडे चाललाय ते तुलाच दिसेल. एक अडचण आहे, हा कागद तिमाही संपल्यावर तीन आठवड्यांपर्यंत येऊ शकतो, आणि तेवढ्यात भाव दुप्पट होऊन परत येतो. म्हणून सोबत भाव चढायच्या आधीच्या महिन्यांतली रोजची उलाढाल रुपयांत बघ, शेअरच्या संख्येत नको.

आणि एक्स्चेंजवाल्यांना एक प्रश्न. मोजक्या ग्राहकांकडे उलाढाल एकवटली का, हे तुम्ही यादी बनवताना मोजताच. मग ट्रेड-टू-ट्रेडमधल्या शेअरच्या डेप्थमध्ये, त्या १,८०,००० च्या शेजारी, ही मागणी किती वेगवेगळ्या ग्राहकांची आहे तो आकडा दाखवायला काय हरकत आहे? नावं नकोत. नुसता आकडा.