झिरो मारू की कात्रीनेच करू?

चष्मा काढून कप्प्यात गेला, गळ्याभोवती कापड आवळलं, दोन्ही हात आत अडकले, की मगच सलूनवाला विचारतो, "काय करायचं? झिरो फेड मारू, टेपर करू, की कात्रीनेच घेऊ?" समोरच्या आरशात एक धूसर नारळ दिसत असतो. त्या नारळाच्या वतीने आपण सांगतो, "फेड करा, पण जास्त नको." खानावळीत "जेवण वाढा, पण बेतानं" म्हणावं तसं हे आहे. पानात काहीही पडू शकतं.

मऊ केसांच्या मंडळींना काहीही पडलं तरी पचतं. आम्हा दाट, राठ आणि सरळ केसवाल्यांचं तसं नाही. कुरळा केस कापला की डोक्याला बिलगतो आणि मशीनच्या दोनचार चुका पोटात घालतो. आमचा केस खिळ्यासारखा उभा राहतो आणि कारागिराची प्रत्येक चूक चारचौघांत वाचून दाखवतो. फेड म्हणजे खालून वर केस हळूहळू लांब होत जाणारी उतरंड. ही कला फुलली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सलूनांत, घट्ट कुरळ्या केसांवर. आपण मोबाइलवर दाखवतो तो फोटो बहुधा त्याच घराण्यातला असतो, आणि डोकं मात्र खराट्याच्या घराण्यातलं.

या खराट्याचा स्वभाव एकदा कळला की पुढचं सोपं आहे. कानाच्या वरचा केस बाहेरच्या दिशेने उगवतो. सेंटिमीटरभर असेपर्यंत तो उभा राहिला तरी डोकं रुंद दिसत नाही. सातआठ सेंटिमीटर झाला की स्वतःच्या वजनाने खाली पडतो. मधला, म्हणजे साधारण दीड ते पाच सेंटिमीटरचा काळ घातक. पडण्याइतकं वजन नाही आणि लपण्याइतका तोकडेपणा नाही, म्हणून तो आडवा बाहेर येतो आणि डोक्याचा फणस होतो. तिन्ही फेडांचा निकाल या एका पट्ट्यावर लागतो.

कात्रीचा फेड ऐकायला सर्वांत सभ्य. मशीन नाही, नुसता कंगवा आणि कात्री; खाली दोनेक सेंटिमीटर, वर चारपाच. म्हणजे नेमका घातक पट्टा! त्यात सलूनवाला आधी फवाऱ्याने डोकं भिजवतो. ओला राठ केस फार सज्जन असतो. निमूट पडून राहतो, सांगाल तिथे वळतो. घरी जाऊन वाळला की गुंड. शिवाय कंगव्याचा कोन जरा हलला तरी सरळ केसावर पायऱ्या पडतात, रायगडावर मोजाव्यात तशा. म्हणून शेवटचा हात कोरड्या केसांवर फिरवून घ्यावा. आणि "फार दाट आहेत हो" म्हणत दात्यांची विरळणी कात्री कोणी मुळाशी नेली, तर वेळीच ओरडावं. मुळाशी कापलेले खुंट चार दिवसांत ताठ होतात आणि वरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात. विरळणी हवीच असेल तर केसाच्या खालच्या अर्ध्या भागात, टोकाकडे. ज्यांच्या बाजूचे केस लांब आहेत आणि मागे वळवायचे आहेत, त्यांनी हा फेड करावा. बाकीच्यांनी लांबून नमस्कार.

झिरो फेड त्याच्या अगदी उलट. बाहेर येणारा केसच ठेवायचा नाही, मग फणस होणार कुठून? कानाशी कातडी दिसते आणि वर चढता चढता दीड, तीन, साडेचार, सहा मिलिमीटर अशी उतरंड चढते. मशीनवर चढवायची एक नंबरची फणी म्हणजे तीन मिलिमीटर, दोन नंबरची सहा. एकदम एकावरून दोनवर उडी मारली की केस दुप्पट होतो आणि काळी रेघ उमटते. ती पुसायला मधली दीड नंबरची फणी लागते, किंवा मशीनच्या बाजूचा खटका अर्धा उघडून एक नंबर चालवावा लागतो. हात सरळ वर न नेता रेघेपाशी बाहेर वळवायचा, आणि मशीन सावकाश. दाट केसात घाईने घुसवलं की दाते गुदमरतात, काही केस कापले जातात, काही माना तुकवून निसटतात. ते घरी गेल्यावर उठून उभे राहतात.

पहिल्या दिवशी आमच्या जातीच्या केसावर झिरो फेडइतकं रेखीव काही दिसत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण केस दिवसाला साधारण तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतो. नऊ दिवसांत खालचा शून्याचा तीन होतो आणि वरच्या सहाचा नऊ. फरक सहाचा सहाच राहिला, पण डोळा फरक बघत नाही, पट बघतो. गुळगुळीत कातडीजागी काळी सावली आली की उतरंड संपली. म्हणजे दर दोन आठवड्यांनी पुन्हा खुर्ची, पुन्हा कापड, पुन्हा नारळ.

म्हणून माझं मत टेपरला. यात उतरती कड फक्त दोन ठिकाणी असते, कल्ल्यांपाशी आणि मानेवर. बाकीची बाजू झाकलेली राहते. वर आठ सेंटिमीटर केस आहेत आणि महिन्यातून एकदाच सलूनला जाणं होतं, असं डोकं घेऊ. बाजूला चार नंबर मारा म्हणावंसं वाटतं, कारण तो सुरक्षित वाटतो. पण चार नंबर म्हणजे तेरा मिलिमीटर. सहा दिवसांत पंधरा, आणि घातक पट्ट्यात प्रवेश. दोन नंबर मारला तर त्याच पंधराला पोचायला सत्तावीस दिवस लागतात. महिना निघाला! मग कल्ल्यांशी आणि मानेवर दोन बोटं उंचीपर्यंत दीड, एक आणि अर्धा अशा फण्यांनी उतरत यायचं. पार खाली फणीशिवाय नुसतं मशीन. मानेची कड वस्त्र्याने चौकोनी कोरू द्यायची नाही. कोरलेली कड आठवड्यात दाढीसारखी उगवते, उतरती कड नुसती धूसर होते.

वरच्या बाजूला मात्र एक सीमा आहे. कवटी जिथे बाजूने वर वळते, त्या वळणाच्या खालीच मशीन थांबलं पाहिजे. तिथून वर कंगव्यावर मशीन आणि मग कात्री. कोणी उत्साहाने वळण ओलांडलं, तर माथ्यावरचे जाड केस मोकळ्या जागेवर वळचणीसारखे लोंबतात. कौलारू घर छान दिसतं, पण कोकणात.

शेवटी मागे छोटा आरसा धरून "बघा, बरोबर?" असं विचारतात तेव्हा सवयीने मान डोलावू नये. आधी चष्मा मागावा. कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली खळगा असतो. तिथे मशीनची फणी टेकत नाही आणि काळा डाग राहतो. दुसरा डाग कानामागे. दोन्ही जागी बोट ठेवून "इथे एकदा फिरवा" म्हणावं. आणि त्याचा हात फवाऱ्याकडे गेलाच, तर म्हणावं, "दादा, आता पाणी नको. वाळल्यावर हे कसे वागतात ते तुम्हीच बघा."