विनीता शर्मा, तोंडी वाटणी आणि माझ्या वहीतली अर्धी ओळ

परवा सरांनी माझ्या नोट्सचं पान वाचलं आणि पेन ठेवून फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, हाई कोठे लिखेल शे?" सर चिडले की अहिराणीवर येतात हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला.

मॅटर साधं होतं, म्हणजे आपल्याकडे घरटी एक असतं तसं. चोपडा तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन, दोन भाऊ, एक बहीण. बहिणीचं लग्न १९८९ चं, त्यामुळे हिंदू वारसा कायद्यातली आपल्या राज्याची १९९४ ची दुरुस्ती तिला लागू नाही, तिने दावा टाकला २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीवर, जिने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. आम्ही भावांकडून. भाऊ म्हणताहेत की १९९६ लाच तोंडी वाटणी झाली, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले, तेव्हापासून ज्याची केळी तो विकतो. वडील वारले २००१ ला.

सरांनी मला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सुप्रीम कोर्ट, ११ ऑगस्ट २०२० वर एक पान नोट काढायला सांगितलं. मी काय केलं, एका वेबसाईटवरची समरी उघडली, पाच मुद्दे होते, मस्त बोल्डमध्ये, ते उतरवले. त्यातला एक: "तोंडी वाटणीचा बचाव ग्राह्य नाही, नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाची डिक्रीच हवी." खाली सायटेशन (२०२०) ९ एससीसी १, म्हणजे निकाल छापणाऱ्या एससीसी रिपोर्टरमधला पत्ता. झालं माझं काम. मूळ जजमेंट शंभराहून जास्त पानांचं आहे, ते कोण वाचतंय असं वाटलं, खरं सांगतो.

म्हणजे आपल्याच क्लायंटच्या विरोधात नोट लिहून दिली मी. आणि तीही अर्धवट.

मग सरांसमोर बसूनच digiscr.sci.gov.in वरून मूळ काढलं. Ctrl+F मारून `oral partition` टाकलं. ढीगभर ठिकाणी सापडलं, आणि इथेच पहिली गंमत कळली. जजमेंटमधलं प्रत्येक वाक्य कोर्टाचं नसतं राव. आधी बरीच पानं नुसती वकिलांची अर्ग्युमेंट आहेत, केंद्र सरकारकडून कोण काय बोललं, अमायकसनी, म्हणजे कोर्टाने स्वतःच्या मदतीला नेमलेल्या वकिलांनी, काय मांडलं. मग जुन्या निकालांचे उतारेच्या उतारे. म्हणजे ज्या फुलवती निकालाचं (२०१५) म्हणणं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत पाहिजे, त्यातला मजकूरही याच पीडीएफमध्ये आहे आणि अमायकसनी त्याच बाजूने मांडलेले मुद्देपण आहेत. शेवटी कोर्टाने तो निकाल ओव्हररूल केलाय. पण कोणी मधलंच पान उघडून वाक्य उचललं तर विनीता शर्माच्या नावावर नेमकं उलटं छापून मोकळा होईल. म्हणून आता मी वाक्य सापडलं की आधी वर सरकतो, कोण बोलतंय ते बघतो. वर कुठे "सबमिटेड", "अर्ज्ड" असं काही दिसलं की ते वाक्य वहीत जात नाही.

कोर्टाचं उत्तर आहे पॅरा १२९ मध्ये, एक ते पाच अशी पोटकलमं. पाचवं वाचलं. पहिलं वाक्य समरीसारखंच, तोंडी वाटणीचा प्ली स्वीकारता येत नाही, कायद्याने मान्य केलेली पद्धत म्हणजे रजिस्टर्ड डीड किंवा डिक्री. पण त्याच्या पुढचं वाक्य सुरू होतं "हाउएव्हर" ने! अपवादात्मक केसमध्ये, तोंडी वाटणीला पब्लिक डॉक्युमेंट्सचा आधार असेल आणि शेवटी डिक्रीने झाल्यासारखीच ती वाटणी सिद्ध होत असेल, तर स्वीकारता येईल. आणि मग तिसरं वाक्य, नुसत्या तोंडी पुराव्यावर असेल तर सरळ फेटाळायचं. समरीवाल्याने मधलं वाक्यच गाळलं होतं आणि आमची अख्खी केस त्या मधल्या वाक्यावर उभी!

मी लगेच खूश, म्हटलं सर फेरफार आहे की, सातबारा आहे, झालं. आणि खरंच दुसऱ्या एका साईटवर तसंच लिहिलेलं मिळालं मला, "महसूल नोंदी असतील तर तोंडी वाटणी मान्य." सर म्हणे थांब, वर जा. पॅरा १२९ च्या थोडं वरच कोर्टाने हे उलगडून सांगितलंय. वेगवेगळा ताबा, वेगवेगळं उत्पन्न घेणं, त्यानुसार महसुली नोंद, हे सगळं तर हवंच, आणि त्याशिवाय त्याच काळातली दुसरी पब्लिक डॉक्युमेंट्स पुराव्यात चालणारी हवीत, तेव्हा कुठे अगदी नाखुशीने, सगळी काळजी घेऊन स्वीकारायचं. म्हणजे सातबारा एकटा पुरत नाही. एका समरीने दार बंद करून टाकलं, दुसरीने सताड उघडं ठेवलं, आणि मूळात ते जेमतेम फटीएवढं उघडंय.

तारखेचंही तसंच. माझ्या नोटमध्ये होतं "९.९.२००५ पूर्वीची वाटणी सुरक्षित". पॅरा १२९ चं दुसरं पोटकलम बघा, मुलीला हक्क मागता येतो ९.९.२००५ पासून, पण जुने व्यवहार आणि वाटण्या वाचतात त्या २० डिसेंबर २००४ च्या आधीच्या. ज्या दिवशी बिल राज्यसभेत मांडलं ती ही तारीख, बिल आलंय म्हटल्यावर लोकांनी घाईघाईने वाटण्या करू नयेत म्हणून. आमच्या १९९६ ला याने फरक पडत नाही, पण उद्या कोणी मार्च २००५ चं वाटणीपत्र घेऊन आला तर माझ्या नोटवरून मी त्याला निवांत घरी पाठवलं असतं.

अजून एक, जे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. पॅरा नंबर. मूळ पीडीएफला जो १२९ तोच एससीसीत १३७ आहे, कारण रिपोर्टरवाले आपल्या पद्धतीने नंबर देतात. समरीत एससीसीचं सायटेशन आणि पॅरा मात्र पीडीएफचा, असं सर्रास असतं. कोर्टात साहेबांनी पुस्तक उघडलं आणि १२९ वर भलतंच निघालं तर तुमचा चेहरा बघण्यासारखा होणार. आणि रिपोर्टमध्ये वर जी हेडनोट असते ना, ती संपादकांची, निकालाचा भाग नाही. शोधायला वापरा, कोट करायला नको.

आता माझ्या वहीत ओळ अशी आहे: विनीता शर्मा, पॅरा १२९(५) पीडीएफ, एससीसी १३७, तीनही वाक्यं पूर्ण, कोर्टाचं स्वतःचं. मूळ स्वतः वाचलं, तारीख. ज्यात ही शेवटची तारीख नाही ती नोट सर हातात घेत नाहीत. एका नोटला वीस मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

क्लायंटला फोन केला त्याच संध्याकाळी. म्हटलं काका, १९९६ चा फेरफार कशावर झाला होता, तहसीलदारांचा जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ चा वाटपाचा आदेश आहे का नुसती वर्दी दिली होती तलाठ्याकडे? काका म्हणे आदेश-बिदेश काही आठवत नाही भो, वडिलांच्या पेटीत पाहतो. दोन दिवस झाले, पेटीची चावी वहिनीकडे आहे आणि वहिनी लग्नाला अमळनेरला गेल्या आहेत.