चौकोन ३६५, दिवस ३६६

आज सकाळी एका परिचितांनी पाठवलेला विनोद वाचला आणि तेव्हापासून डोके तडकलेले आहे. घरी परतण्याचे दिवस मोजणाऱ्या एका जवानाला फेब्रुवारीच्या अखेरीस कळते की हे लीप वर्ष आहे. एवढीच ती गोष्ट आणि तिच्याखाली पोट धरून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ज्यांना शनिवारची सुट्टी रद्द झाली तरी आठवडाभर चैन पडत नाही, त्यांना यात एवढे हसू कशाचे आले, हे मला खरोखरच समजत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले आहे. त्याची तैनाती १ जून २०२३ ते ३१ मे २०२४ अशी होती. पोहोचल्याच्या पहिल्याच संध्याकाळी त्याने वहीच्या मागच्या पानांवर पट्टी धरून ३६५ चौकोन आखले. त्यांत तारखा मुद्दाम लिहिल्या नाहीत, कारण तारीख दिसली की घरातला कुणाचा तरी वाढदिवस आठवतो आणि मग रात्रीचा पहारा जड जातो. रोज संध्याकाळी एक चौकोन फुलीने बंद करायचा, एवढाच नेम होता आणि तो त्याने एकदाही चुकवला नाही.

विनोद करणाऱ्यांना वाटते की फेब्रुवारीत एक दिवस अचानक वाढला. तसे काही झालेले नसते. २९ फेब्रुवारीच्या संध्याकाळीही त्याने रोजच्यासारखी फुली मारलीच होती. चूक झाली होती ती आधीच्या जूनमध्ये, चौकोन आखताना, आणि ती नऊ महिने कुणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. त्या रात्री त्याचा सोबती बोटांवर हिशेब करत म्हणाला, मार्चचे एकतीस, एप्रिलचे तीस आणि मेचे एकतीस, म्हणजे उरले ९२. भावाने वही उघडून कोरे चौकोन मोजले, तर ते ९१ भरले. दोघांनी पुन्हा पुन्हा मोजले. शेवटी पहाऱ्याच्या नोंदवहीत भावाने स्वतःच्या हाताने लिहिलेली तारीख समोर आली: २९.

आकडेमोड नकोशी वाटणाऱ्यांसाठी ताडून पाहण्याची आणखी एक खूण आहे. साध्या वर्षात तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आला की दोन वार सरकते. १ जून २०२३ रोजी गुरुवार होता आणि १ जून २०२४ रोजी शनिवार. हे त्याला पहिल्या दिवशी दिसले असते, पण चौकोनांना वार नसतात.

हो, मान्य आहे, आदेशात ३१ मे हीच तारीख होती आणि सैन्याने त्याच्याकडून एक दिवसही जास्तीचा घेतला नाही. आदेश दिवसांच्या आकड्यात असता, तर ३६५ म्हणजे ३६५च झाले असते. पगार महिन्याचा असतो, त्यामुळे २८ दिवसांचा फेब्रुवारी आणि २९ दिवसांचा फेब्रुवारी त्याच रकमेत बसतात, हेही खरे. पगारदार माणसांचे सगळीकडे तसेच असते, असे कुणी म्हणेल. पण ती माणसे त्या दिवशी संध्याकाळी घरी जातात!

दिवस मोजणे हा पोरकटपणा आहे, असेही एकाने त्या विनोदाखाली लिहिले आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक क्रमांक घातलेल्या तुकड्यांचे चित्र जवळ ठेवत आणि रोज एक तुकडा रंगवत. परतण्याची शेवटची सकाळ काही जण दिवसांत धरतच नसत. अमुक दिवस आणि एक जाग, असा हिशेब सांगत. १९६८ हेही लीप वर्षच होते. तेव्हा ज्यांनी आधीच्या वर्षी तीनशे पासष्ट धरून सुरुवात केली असेल, त्यांच्यापैकी कुणालाही मी पोरकट म्हणणार नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, कारण भाऊ स्वतः फोनवर हसला होता. "ताई, एकच तर दिवस आहे," असे म्हणाला आणि मग बराच वेळ दुसरेच काहीतरी विचारत राहिला. पानावर जागा उरली नव्हती म्हणून तीनशे सहासष्टावा चौकोन त्याने समासात काढला. पट्टी जवळ नव्हती, त्यामुळे तो वाकडा आणि इतरांच्या दुप्पट मोठा झाला.

आता त्याच्याकडे नवीन मुले येतात, तेव्हा तो त्यांना चौकोन आखू नका असे सांगत नाही. आधी परतीची तारीख लिहा आणि तिथून महिन्यामहिन्याने मागे या, असे सांगतो. मध्ये २०२८ चा फेब्रुवारी येत असेल, तर त्याचे एकोणतीस धरा. आणि बदली घेणारा माणूस वेळेवर वर पोहोचला नाही, तर समासात आणखी जागा लागेल, हेही सांगून ठेवतो.