आर्या आणि वैभव : डबल एलिमिनेशन झालंच नव्हतं

"बिग बॉस मराठीच्या पाचव्या पर्वात आर्या जाधव आणि वैभव चव्हाण कमी मतांमुळे एकत्रच गेले, ते डबल एलिमिनेशन होतं, आणि तेही आठव्या आठवड्यात."

आमच्या शहापुरातल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर हा मजकूर अजून फिरतो. यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी आर्याचं. टास्कमध्ये तिनं निक्की तांबोळीला थोबाडीत मारली. घरात हात उगारायला बंदी असते, म्हणून शनिवारी, 14 सप्टेंबर 2024 ला, रितेश देशमुखनं तिला बाहेर काढलं. तिथं मतांचा प्रश्नच नव्हता. मतं फक्त नॉमिनेट झालेल्यांना पडतात, तीही वाचवण्यासाठी. नियम मोडला म्हणून काढायचं असेल तर ती मोजावी लागत नाहीत.

वैभव दुसऱ्या दिवशी, रविवारी गेला, आणि तो मात्र मतांवर गेला. एकाच शनिवार-रविवारी दोघं गेले म्हणून ते डबल होत नाही. डबल म्हणजे नॉमिनेट झालेल्यांपैकी दोघं एकाच मतदानातून जाणं. याच पर्वात निखिल दामले आणि योगिता चव्हाण गेले, ते खरं डबल.

आठवड्याची चूक कुठून आली, ते मला कॅलेंडर काढून बसल्यावर समजलं. पर्व रविवारी, 28 जुलैला सुरू झालं. तो पहिला दिवस धरला तर 15 सप्टेंबर पन्नासावा दिवस येतो, आणि सातानं भागलं की उत्तर आठवा आठवडा असं येतं. पण तो रविवार घरात शिरण्याचा. खेळाचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी निकालावर संपतो. 29 जुलैच्या सोमवारपासून बोटं मोजत गेलात तर 15 सप्टेंबर हा बरोबर सातव्या आठवड्याचा शेवटचा दिवस. आर्याचाही आठवडा तोच, सातवा. भागाकारानं मात्र ती सातव्यात आणि वैभव आठव्यात पडतो, म्हणजे मजकुरातलं "एकत्रच" हेही त्या हिशोबात टिकत नाही.

आपल्याकडे घरोघरी कन्नड पर्वही बघतात, तिथंही हाच गोंधळ होतो. अकराव्या पर्वात शोभा शेट्टी मतांनी वाचली होती, तरी स्वतःहून घर सोडून गेली. "बाहेर पडली म्हणजे मतं कमी" असं धरणाऱ्याची यादी तिथंच चुकते. शिवाय ती वाइल्ड कार्डनं आलेली, त्यामुळे पर्वाचा आठवडा वेगळा आणि तिच्या मुक्कामाचा वेगळा.

मंडळाच्या यादीत मी आता नावापुढं तीन रकाने ठेवलेत : तारीख, पर्वाचा आठवडा, आणि मतांनी, शिक्षेनं की स्वतःहून. आर्यापुढं "शिक्षा, सातवा", वैभवपुढं "मतं, सातवा".