आठ रुपयांचा घोटाळा

परवाच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्यावर आठ रुपये खाल्ल्याचा संशय घेण्यात आला. आठ हजार नाही, आठशे नाही, आठ. एवढ्यात आजकाल तर्रीपोह्यावरची नुसती तर्री कोणी देत नाही.

मी खजिनदार आहे, म्हणजे ज्या मीटिंगला मी गेलो नव्हतो त्या मीटिंगमध्ये मला खजिनदार करून टाकलं. मामला साधा होता. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, बिल ८६,००० रुपये, आणि ते कार्पेट एरियाच्या हिशोबानं वाटायचं ठरलं. एकूण ४८ फ्लॅट. ६२० फुटांचे वीस, ८५० चे वीस आणि ११०० चे आठ. एक्सेलमध्ये शीट केली, पैसे दिसू नयेत म्हणून दशांश लपवले, प्रिंट काढून वाटली. लहान फ्लॅटला १,३९६, मधल्याला १,९१४, मोठ्याला २,४७६, खाली एकूण ८६,०००. झालं, असं मला वाटलं.

मे महिना, संध्याकाळचे सात, पार्किंगमध्ये एकच कूलर आणि तोही अध्यक्षांच्या तोंडासमोर. आणि तिसऱ्या माळ्यावरचे काका, ऑडिटमधून रिटायर, बारा आकडी कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन बसलेले. सगळे चहाची वाट पाहत होते आणि काका एकेक फ्लॅट, एकेक, सगळे ४८ दाबत होते. वीस गुणिले केलं असतं तर दहा सेकंदात झालं असतं, पण तसं केलं तर आनंद कुठून मिळणार.

"८६,००८," काका म्हणाले. "खाली ८६,००० लिहून राह्यले. आठ रुपये गेले कुठं?"

मी म्हटलं, काका, राउंड ऑफ आहे.

"नऊनं भागून पाह्यलं मी. जात नाही. म्हणजे आकडे उलटे टाकलेले नाहीत." (ही युक्ती खरी आहे, १,९१४ चे चुकून १,९४१ झाले तर फरक २७ येतो आणि असे शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरकाला नऊनं भाग जातोच.) "मग मी निम्मं केलं. चार. चार रुपयांची एन्ट्री उलट्या बाजूला पडली का? मले तर चारची एन्ट्रीच दिसत नाही. तर बाप्पा, आठ गेले कुठं?"

मी समजावलं की एक्सेल खाली बेरीज करताना लपवलेले पैसे धरूनच करतो, डोळ्याला १,३९६ दिसत असले तरी आत १,३९५.८१ बसलेले आहेत. काका म्हणाले, "म्हणजे दाखवायचे आकडे वेगळे आन् खरे वेगळे. हेच तर मी म्हणून राह्यलो." टाळ्या पडल्या. एका वहिनींनी तर माझ्याकडे पाहून पर्स जवळ ओढली.

मग सुरू झाल्या सूचना. एक जण म्हणाले सगळ्यांचे वरचे घ्या. घेतले असते तर ८६,०१६ झाले असते, घोटाळा डबल. काका म्हणाले पैसे कापूनच टाका, सोपं. कापले तर ८५,९६८, म्हणजे सोसायटीला ३२ रुपये कमी. आता राउंड ऑफमध्ये काही वर जातात काही खाली, थोडंफार फिटतं, पण कापणं नेहमी एकाच दिशेनं चालतं आणि साचत जातं. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं हेच केलं होतं, जानेवारी १९८२ मध्ये निर्देशांक १००० वर सुरू केला आणि प्रत्येक सौद्यानंतर नव्यानं मोजताना तिसऱ्या दशांशापुढचं कापून टाकत गेले. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास आला होता, नीट मोजल्यावर निघाला १०९८ च्या वर. मी मोठ्या उत्साहानं हे मीटिंगमध्ये सांगितलं. मागून आवाज आला, "त्यांचं वॉटरप्रूफिंग कोणाकडं होतं?"

अध्यक्ष म्हणाले, भाऊ, आठ रुपये तुम्हीच टाकून द्या, विषय संपवा. जास्त निघालेत हो, कमी नाही! टाकून काय द्या? पण तोवर चहा आला होता.

घरी आलो, जेवण गेलं नाही. खरी चिडचिड वेगळीच होती, कारण आता मलाच शंका यायला लागली होती. कॉलेजात शिकलेलं एक गणित आठवत होतं. एक आकडा राउंड केला की चूक जास्तीत जास्त अर्ध्या रुपयाची, म्हणजे ४८ मध्ये फार तर २४ रुपये, त्याच्या वर गेलं तर राउंड ऑफचं नाव घ्यायचंच नाही, सरळ चूक शोधायची. पण चुका वर खाली होऊन एकमेकींना खातात, म्हणून साधारण फरक किती असेल ते काढायला आकड्यांच्या संख्येला बारानं भागून वर्गमूळ घ्यायचं. ४८ भागिले १२ म्हणजे ४, वर्गमूळ २. दोन रुपये इकडेतिकडे चालेल, चार म्हणजे भुवई वर, आणि माझे आठ. चौपट. म्हणजे काका बरोबर?

रात्री साडेअकराला शीट उघडली आणि शेजारी एक रकाना टाकला, राउंड केलेला आकडा वजा खरा आकडा:

```
=ROUND(B2,0)-B2
```

आणि मग दिसलं. लहान फ्लॅटला प्रत्येकी १९ पैसे जास्त, वीसच्या वीस फ्लॅटला तेच १९ पैसे. मधल्यांना ३९ पैसे जास्त, तेही वीसच्या वीस जणांना. फक्त मोठे आठ ४४ पैशांनी कमी. पैशांत बारीक मोजलं तर ३.७७ अधिक ७.७५ वजा ३.५२, बरोबर आठ. फरक रुपया न् पैसा राउंड ऑफचाच निघाला.

वर्गमूळ चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो. ते गणित ४८ आकडे आपापल्या मर्जीनं चुकतील असं धरतं, आणि आमच्याकडे मुळात आकडे तीनच, बाकी सगळे त्यांच्या झेरॉक्स. वीस जण एकाच बाजूला कलले तर कोण कोणाला खाणार? तेव्हा वीसचा वर्ग, वीसचा वर्ग आणि आठचा वर्ग, बेरीज ८६४, भागिले १२ म्हणजे ७२, वर्गमूळ साडेआठच्या आसपास. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ रुपयांचा फरक ही अगदी नॉर्मल गोष्ट आहे! बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, कूलरमध्ये पाणी टाका.

सकाळी काकांकडे गेलो, कागद दाखवला. काकांनी पूर्ण तपासला, मान डोलावली, मला वाटलं सुटलो. मग माझ्याच्यानं एक मूर्खपणा झाला. बोलता बोलता सांगून बसलो की बेरीज अगदी ८६,००० च पाहिजे तर तसंही जमतं, आधी सगळ्यांचे पैसे कापायचे, ३२ रुपये उरतात, मग ज्यांचा कापलेला भाग मोठा त्यांना एकेक रुपया लावत जायचं. लहान वीस फ्लॅटना वीस रुपये लागतात, उरले बारा, ते मधल्या वीसपैकी बारा जणांना. राहिलेले आठ जण १,९१३ देतात.

"कोणते आठ?" काकांनी चष्मा काढला.

मी म्हटलं तेच तर, सगळे सारखेच, कोणतेही आठ, म्हणून मी तसं केलं नाही, वरचे आठ रुपये सरळ राउंड ऑफच्या खात्यात टाकले.

"माझा फ्लॅट मधलाच ना?"

हो.

काकांनी आत जाऊन पैसे आणले, दोनदा मोजले आणि माझ्या हातावर ठेवले. १,९१३.

"त्या आठातला एक मी," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

आता बाकी सगळ्यांचे आलेत. जमा ८६,००७. राउंड ऑफ आठ म्हणतं, रोकड सात म्हणते, आणि पुढच्या मीटिंगला कॅल्क्युलेटर काकांच्याच मांडीवर असणार आहे.