हाइक कमी का आली, आणि फॉरवर्डमधलं काय खरं काय खोटं

"नवीन लेबर कोडमुळे बेसिक ५०% करावंच लागतं, पीएफ डबल कापणार, हातात पगार कमी येणार. ग्रॅच्युइटी आता सगळ्यांना १ वर्षातच मिळणार. बजेट ७.५% मंजूर होतं, तुम्हाला ६% दिले, उरलेले दीड टक्के वरच्यांनी खाल्ले. रिझाइन टाकणाऱ्याला मात्र ३०% द्यायला पैसे आहेत. पुढे पाठवा."

मंडळी,

हा मेसेज मला सोमवारी सकाळी बोरिवली फास्टमध्ये उभ्याउभ्या आला, तोही आपल्याच लंच ग्रुपमधून, आणि खरं सांगू तर तो फिरण्यात माझाही हात आहे. हाइकच्या मेलमध्ये मी "लेबर कोड आणि मार्केट कंडिशन्समुळे" असं एका ओळीत गुंडाळलं होतं. इतकं मोघम लिहिल्यावर लोक रिकाम्या जागा स्वतःच भरणार. म्हणून आता नीट लिहिते.

आधी पीएफ, कारण घाबरून सगळ्यात जास्त फोन त्याचेच आले. कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला हे खरं. पण तुमच्या स्लिपवरचं बेसिक वाढवून ५०% करा असं तो म्हणत नाही. तो म्हणतो की एचआरए, कन्व्हेयन्स वगैरे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग पीएफ-ग्रॅच्युइटीच्या हिशोबात 'वेतन' म्हणून धरायचा. आता पीएफला १५,००० ची मर्यादा आहे, आपण पहिल्यापासून त्या मर्यादेवरच कापतो, म्हणजे १२ टक्क्यांनी १,८००. तुमचं बेसिक आधीच १५,००० च्या वर असेल तर वेतन २४,५०० धरा नाहीतर ३५,००० धरा, कापले जाणार १,८००च. कामगार मंत्रालयानेही डिसेंबरात हेच स्पष्ट केलं. ज्या कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात तिथली गोष्ट वेगळी, तुमच्या मिस्टरांच्या किंवा बहिणीच्या ऑफिसात कापला असेल म्हणून आपल्याकडेही कापेल असं नाही.

१ वर्षात ग्रॅच्युइटी फक्त फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या लेटरवर कॉन्ट्रॅक्टची शेवटची तारीख लिहिलेली असते त्यांना. पर्मनंटला ५ वर्षं होती, ५ वर्षंच आहेत. या भरवशावर कोणी राजीनामा टाईप करून ठेवला असेल तर डिलीट करा.

पण ग्रॅच्युइटी वाढली हे मात्र खरंय आणि तुमच्या हाइकमधून जे गेलं ते इथूनच गेलं, तेव्हा हे जरा सावकाश वाचा. उदाहरण घेते, महिना ग्रॉस ७०,००० आणि बेसिक २४,५००. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. जुन्या हिशोबाने वर्षाला साधारण १४,१३५ होते. आता वेतन ३५,००० धरायचं तर २०,१९२, म्हणजे वर्षाला सहा हजार जास्त. आपल्या सीटीसीमध्ये ग्रॅच्युइटीची लाईन असते, त्यामुळे हे सहा हजार सीटीसीच्या आतूनच गेले.

या माणसाची जुनी सीटीसी ८,७५,७३५, म्हणजे बारा महिन्यांचं ग्रॉस, त्यावर कंपनीचा पीएफ २१,६०० आणि ती ग्रॅच्युइटी. ६% हाइक लागून झाली ९,२८,२७९. त्यातून नवीन ग्रॉसच्या निम्म्यावर मोजलेली ग्रॅच्युइटी आणि पीएफ काढला तर महिन्याचं ग्रॉस येतं ७३,७८३. म्हणजे लेटरवर ६ पण ग्रॉसमध्ये ५.४. कोड आला नसता तर त्याच ६ टक्क्यांत ग्रॉस ७४,३०६ झालं असतं. फरक महिन्याला ५२३ रुपये! हे पैसे बुडाले नाहीत, ५ वर्षं पूर्ण करून निघालात तर मिळतील, पण त्याआधी सोडलंत तर नाही मिळणार, आणि या महिन्याच्या घरभाड्याला तर ते उपयोगी नाहीतच, हे मला कळतं.

आता गेल्या वर्षीसारखे ९% येतील असं धरून हा माणूस बसला होता, तर त्याची अपेक्षा होती महिना साधारण ६,४५० वाढीची. आले ३,७८३. तूट २,७०० च्या आसपास, त्यातले लेबर कोडचे ५००. म्हणजे एक पंचमांश. उरलेल्याला कोड जबाबदार नाही आणि माझ्या मेलमधून तसं वाटत होतं, ही चूक माझी.

मग बाकीचं कुठे गेलं? बजेटच ९ वरून ७.५ वर आलं, कारण दोन मोठ्या क्लायंटनी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं पण रेट वाढवून दिला नाही. आपला खर्च मुख्यतः पगारच आहे, रेट तोच राहिला तर पगार वाढवायला पैसे येणार कुठून. मागच्या सगळ्या वर्षांची ग्रॅच्युइटी नवीन हिशोबाने एकदम दाखवावी लागली, कारण ती शेवटच्या पगारावर मोजतात (८ वर्षं झालेल्या याच माणसामागे ४८,००० च्या वर), तो आकडा नफ्यातून गेला. तो एकदाच येणारा खर्च आहे. पुढच्या वर्षी कोणी तेच कारण पुन्हा सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, तर मान्य करू नका.

दीड टक्क्याचं म्हणाल तर ७.५ हा आकडा सगळ्यांच्या पगाराच्या एकूण बिलावरचा असतो, प्रत्येकाला ७.५ असा नसतो. त्यातले १.१ प्रमोशनला गेले. ०.७ गेले करेक्शनला, म्हणजे जुनी माणसं जी नव्या जॉइनींपेक्षाही कमी पगारावर होती त्यांना वर आणायला. वाटायला राहिले ५.७, त्यातून रेटिंग ३ ला ६, ४ ला ८, २ ला ३. डायरेक्टर लोकांचं बजेट या ७.५ मध्ये नाहीच, ते वेगळं ठरतं आणि ते किती हे मला सांगता येत नाही, तेव्हा त्याबद्दल शंका घ्यायचा तुमचा हक्क आहे.

रिझाइनवाल्यांबद्दलचं बोलणं मात्र बरोबर आहे. काउंटर ऑफर बदली माणसाच्या बजेटमधून जाते, हाइकच्या नाही, कागदावर हेड वेगळं. पण पैसा एकाच खिशातला. जो गप्प बसतो त्याला ६ आणि जो लेटर टाकतो त्याला ३०, हे मलाही पटत नाही, आणि हे मी वरच्यांना लिहून दिलंय.

स्वतःचं बघायचं असेल तर लेटरवरचा टक्का सोडा. जुनं आणि नवं अनेक्शर शेजारीशेजारी ठेवा आणि ग्रॉसला ग्रॉस लावा. ग्रॅच्युइटीची लाईन वाढलेली दिसेल, पीएफची तीच असायला हवी. पीएफ १,८०० पेक्षा जास्त कापलेला दिसला तर ती पेरोलची चूक समजा, मला लगेच कळवा. गुरुवारी ४ नंतर मी दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या मीटिंग रूममध्ये आहे, कागद घेऊन या, चहा टपरीवरून मागवते.