आधी कापा, मग पिक्सेल, केबी सगळ्यात शेवटी

काल पुतणीचा बँक भरतीचा अर्ज भरायला बसलो. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा लागतो. तिने कॅफेतून करून आणलेला फोटो मापात बसत होता, पण चेहरा ओळखू येईना. गाल पसरलेले, मान आखूड.

कारण साधं आहे. मोबाईलचा फोटो ३००० बाय ४००० चा. तो न कापता थेट २०० बाय २३० मध्ये कोंबला की रुंदी उंचीच्या मानाने सोळा टक्के जास्त होते. परीक्षा केंद्रावर हॉलतिकिटावरचा फोटो आणि समोरचं माणूस ताडून बघतात, तिथे असला चेहरा घेऊन मुलीने का जावं? माझं ठाम मत आहे की घाईत केबी कमी करण्यापासून सुरुवात करणं हीच मूळ चूक.

मूळ फोटो तिच्याकडून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवला, कारण साधा पाठवला की तो आधीच दाबला जातो. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये क्रॉपचं प्रमाण २००:२३० ला बांधलं आणि १६०० बाय १८४० ची चौकट घेतली, म्हणजे हव्या मापाच्या बरोबर आठपट. केसांच्या वर बोटभर जागा ठेवली. केसांपासून हनुवटीपर्यंत साधारण १००० पिक्सेल भरले, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून थोडे जास्त. खाली मान आणि खांद्यांचा उतार आला. खांद्यांची बाहेरची टोकं कापली गेली, ती जाऊ द्यावीत. पूर्ण खांदे घ्यायला गेलात तर चेहरा बारीक होतो. उलट हनुवटीखाली लगेच कापलं तर तो पासपोर्ट फोटो राहतच नाही.

मग स्केल करून २०० बाय २३०. आता चेहरा ताणला जायचा प्रश्नच नव्हता.

पुढचा घोळ बहुतेकांना माहीत नसतो. सगळे ५० केबीला घाबरतात, आणि अडकतात २० ला! इतक्या छोट्या फोटोत, त्यातून मागे पांढरी भिंत असली की, फाईल फार हलकी होते. जेपीजी करताना क्वालिटी ९० ठेवली तर १३ केबी आली. अशा वेळी पिक्सेल वाढवायचे नाहीत, माप बिघडतं. तीच १३ केबीची फाईल पुन्हा सेव्ह करण्यातही अर्थ नाही, गेलेला बारकावा परत येत नाही. स्केल केलेला फोटो उघडाच होता, त्यावरून क्वालिटी ९८ ला पुन्हा एक्स्पोर्ट केला. २६ केबी. भुवया, कानातले, कुर्त्याची कड, सगळं स्पष्ट.

मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. दुसऱ्या भरतीचं माप वेगळं असेल, तेव्हा या २०० बाय २३० च्या तुकड्यातून काही निघणार नाही, पुन्हा मुळातूनच कापावं लागेल.